ऑप्शनचा भाव एकदाच ठरतो, संख्या मात्र दर मार्चला पुन्हा मोजायची

प्रश्न : मी पुण्यातल्या एका असूचीबद्ध कंपनीत फायनान्स मॅनेजर आहे. आम्हाला इंड एएस लागू आहे. १ एप्रिल २०२४ ला आम्ही ३० जणांना प्रत्येकी ३,००० ऑप्शन दिले. दर वर्षाच्या अखेरीस १,००० व्हेस्ट होतात आणि व्हेस्ट झाल्यावर वापरायला चार वर्षांची मुदत आहे. एक्सरसाइज किंमत १५० रुपये, तेव्हा शेअर २०० रुपयांचा होता. मी फरकाचे ५० रुपये गुणिले ९०,००० म्हणजे ४५ लाख धरले आणि तीनने भागून पहिल्या वर्षी १५ लाख खर्च टाकला. नवे ऑडिटर म्हणतात, सगळंच चुकलंय. पहिल्या वर्षी दोघं सोडून गेले होते, यंदा पाच जण गेले. वर शेअरची किंमत आता १२० वर आली आहे. सीएफओ साहेब विचारतात, हा खर्च उलटवता येईल का? नाहीतर स्कीमच रद्द करू या म्हणतात. काय करू?

उत्तर : ऑडिटर बरोबर सांगत आहेत, पण चूक एक नाही, दोन आहेत, आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्यात तर दुरुस्ती सोपी जाईल. पहिली चूक भावाची : ५० रुपये ही ऑप्शनची किंमत नव्हेच. दुसरी वाटणीची : तीन वर्षांत व्हेस्ट होणारा खर्च तीनने सरळ भागता येत नाही. कर्मचारी गेले आणि शेअर पडला, या दोन गोष्टींचा परिणाम तर एकमेकांच्या अगदी उलट आहे. पहिलीने खर्च बदलतो, दुसरीने एक रुपयाही बदलत नाही.

आधी भाव. शेअर २०० चा आणि एक्सरसाइज किंमत १५० ची, म्हणून फायदा ५० चा, हा हिशेब कर्मचारी आजच्या आज शेअर घेणार असेल तरच खरा. तुमच्या कर्मचाऱ्याला आज काहीच करायचं नाही. त्याला पुढची काही वर्षं वाट पाहायची मुभा आहे. शेअर ५०० वर गेला तर तो १५० देऊन घेईल, ८० वर आला तर हात वर करून मोकळा होईल. शिवाय १५० रुपयेही त्याला आज द्यायचे नाहीत. ही मुभा आणि हा वेळ यांना किंमत आहे, आणि तीच इंड एएस १०२ ला मोजायला हवी आहे. मानकाच्या भाषेत ती ग्रँटच्या दिवसाची फेअर व्हॅल्यू. ५० रुपयांच्या हिशेबाला इंट्रिन्झिक व्हॅल्यू म्हणतात. फेअर व्हॅल्यू विश्वासाने मोजताच येत नाही, अशा अगदी विरळ प्रसंगीच मानक ती वापरू देतं, आणि तेव्हाही ती दर वर्षअखेरीस नव्याने मोजावी लागते. तुमची कंपनी त्या अपवादात बसत नाही, कारण शेअरचं मूल्यांकन तुमच्याकडे आहे आणि बाकीचे आकडे बाहेर मिळतात.

तुमच्या स्कीमसारख्या साध्या ऑप्शनला ब्लॅक-शोल्सचं सूत्र पुरतं. त्याला सहा आकडे लागतात : शेअरची किंमत, एक्सरसाइज किंमत, ऑप्शन किती काळ जिवंत राहील याचा अंदाज, शेअरच्या किमतीची व्होलॅटिलिटी, बिनजोखमीचा व्याजदर आणि अपेक्षित लाभांश. लाभांश तुम्ही देत नसाल तर शून्य धरा, म्हणजे पाचच उरतात. शीटमध्ये `B1` मध्ये शेअरची किंमत, `B2` मध्ये एक्सरसाइज किंमत, `B3` मध्ये वर्षं, `B4` मध्ये व्याजदर आणि `B5` मध्ये व्होलॅटिलिटी टाका. मग पुढची तीन सूत्रं `B7`, `B8` आणि `B9` मध्ये येतील. `B9` मध्ये दिसेल ती एका ऑप्शनची किंमत.

```
B7: =(LN(B1/B2)+(B4+B5^2/2)*B3)/(B5*SQRT(B3))
B8: =B7-B5*SQRT(B3)
B9: =B1*NORM.S.DIST(B7,TRUE)-B2*EXP(-B4*B3)*NORM.S.DIST(B8,TRUE)
```

सूत्र कुणीही टाइप करेल. वाद होतात ते आत जाणाऱ्या आकड्यांवर. त्यातला पहिला म्हणजे काळ. पहिल्या हप्त्याची कमाल मुदत पाच वर्षं आहे : एक वर्ष व्हेस्ट व्हायला, चार वर्षं वापरायला. पण इथे पाच टाकायचे नाहीत. कर्मचाऱ्याला ऑप्शन बाजारात विकता येत नाही, त्यामुळे घराचं डाउन पेमेंट आलं, नोकरी बदलली, की तो मुदतीआधीच वापरून टाकतो. म्हणून अपेक्षित आयुष्य घ्यायचं. तुमच्याकडे जुना इतिहास नसेल तर व्हेस्टिंगचा दिवस आणि मुदतीचा शेवटचा दिवस यांच्या मधला बिंदू धरण्याची रीत आहे, आणि ऑडिटर ती सहसा मान्य करतात. त्या हिशेबाने पहिल्या हप्त्याला ३, दुसऱ्याला ४ आणि तिसऱ्याला ५ वर्षं येतात. तीन हप्ते, तीन काळ, म्हणून तीन वेगळे भाव. ही गोष्ट पुढे वाटणीतही उपयोगी पडणार आहे.

दुसरा वादाचा आकडा व्होलॅटिलिटी. तुमचा शेअर बाजारात नाही, तेव्हा तुमच्याच धंद्यातल्या, शक्यतो तुमच्याच आकाराच्या चार-पाच सूचीबद्ध कंपन्या निवडा. त्यांचे रोजचे बंद भाव ग्रँटच्या दिवसापासून मागे तितक्याच वर्षांचे घ्या, जितकं ऑप्शनचं अपेक्षित आयुष्य आहे. रोजच्या लॉग परताव्याचं प्रमाण विचलन काढा, त्याला वर्षातल्या व्यवहाराच्या दिवसांच्या, म्हणजे साधारण २५० च्या, वर्गमुळाने गुणा आणि मग त्या कंपन्यांची सरासरी घ्या. निफ्टीची व्होलॅटिलिटी घेऊ नका. पन्नास कंपन्यांच्या टोपलीत एकीचे चढउतार दुसरीने झाकले जातात, त्यामुळे ती एकट्या शेअरपेक्षा सहसा कमीच दिसते. आणि असूचीबद्ध आहोत म्हणून शून्यही धरू नका. ती सूट देण्याचा विचार मानक करणाऱ्यांनी केला होता आणि तो नाकारला.

या आकड्याने किती फरक पडतो ते पाहायचं तर तिसऱ्या हप्त्यावर करून बघा. व्होलॅटिलिटी ४० टक्के धरली तर भाव १११ रुपये येतो, २५ टक्के धरली तर ९९, आणि ६० टक्के धरली तर १३०. फरक आहे, पण ५० आणि १११ यांच्यातल्या फरकापुढे तो लहान आहे. म्हणजे व्होलॅटिलिटी नेमकी कळत नाही म्हणून इंट्रिन्झिक व्हॅल्यूवर थांबलो, हे कारण टिकत नाही.

व्याजदर ग्रँटच्या दिवशीचा, ऑप्शनच्या आयुष्याइतक्या मुदतीच्या सरकारी रोख्यांचा घ्यायचा. शक्य असेल तर शून्य कूपनचा दर घ्या. आपण इथे सोयीसाठी तिन्ही हप्त्यांना ७ टक्के धरू. शेअरच्या किमतीबद्दल एकच इशारा : २०० हा आकडा गुंतवणूकदारांनी शेवटच्या फेरीत प्रेफरन्स शेअरसाठी मोजलेला असेल तर तो इथे जसाच्या तसा चालणार नाही. त्या शेअरला कंपनी विकली गेल्यास पैसे आधी परत मिळण्याचा वगैरे हक्क असतो, तुमच्या कर्मचाऱ्याला मिळणार तो साधा इक्विटी शेअर. तसंच, ऑप्शन वापरल्यावर टीडीएससाठी मर्चंट बँकरकडून जो दाखला घेता तो आयकराचा विषय आहे. त्या दिवसाचा भाव या हिशेबात येत नाही.

४० टक्के व्होलॅटिलिटी धरून तुमच्या तीन हप्त्यांचे भाव पूर्ण रुपयांत ९३, १०३ आणि १११ येतात. तुमच्या फाइलमधले आकडे थोडे वेगळे निघतील, पण उत्तर याच घरात येईल. हे भाव १ एप्रिल २०२४ ला ठरले आणि तिथेच गोठले. मात्र १ एप्रिल हा खरोखर ग्रँटचा दिवस आहे ना, हे एकदा तपासा. कंपनी आणि कर्मचारी या दोघांना अटी कळलेल्या आणि मान्य झालेल्या असाव्या लागतात, आणि भागधारकांची मंजुरी लागत असेल तर ती मिळालेली असावी लागते. पत्रावर १ एप्रिल आणि ठराव जूनमधल्या सभेत, असं असेल तर ग्रँट जूनची. तेव्हा भाव जूनचा घ्यायचा. काम मात्र एप्रिलपासून सुरू झालं असेल तर खर्च एप्रिलपासून अंदाजाने धरून जूनमध्ये पक्का करायचा. तुमची मंजुरी आधीच झालेली होती असं धरून पुढे जातो.

आता वाटणी, आणि गडबड बहुतेक वेळा इथेच होते. ३,००० ऑप्शनचं एक पत्र दिलं तरी मानकाच्या नजरेत ती तीन वेगळी ग्रँट आहेत. पहिले १,००० मिळवायला एक वर्ष काम करावं लागतं, दुसरे १,००० मिळवायला दोन वर्षं, तिसरे मिळवायला तीन. आणि ही तिन्ही कामं १ एप्रिल २०२४ लाच सुरू झाली. पहिल्या वर्षात कर्मचारी पहिला हप्ता पूर्ण कमावतो, त्याच वेळी दुसऱ्याचा अर्धा आणि तिसऱ्याचा तिसरा भागही कमावतो. म्हणून खर्च पुढे दाटतो. कुणीच सोडून गेलं नसतं तर पहिल्या हप्त्याचे २७ लाख ९० हजार सगळे पहिल्या वर्षी, दुसऱ्याच्या ३० लाख ९० हजारांपैकी निम्मे, आणि तिसऱ्याच्या ३३ लाख ३० हजारांपैकी ११ लाख १० हजार, असा पहिल्या वर्षाचा खर्च ५४ लाख ४५ हजार झाला असता. दुसऱ्या वर्षी २६ लाख ५५ हजार आणि तिसऱ्या वर्षी फक्त ११ लाख १० हजार. एकूण ९२ लाख १० हजार. अमेरिकेच्या मानकात नुसत्या नोकरीच्या अटीवरच्या ऑप्शनना सरळ समान वाटणी निवडता येते, आणि तिकडून आलेल्या तयार शीट इथे सर्रास फिरतात. इंड एएसमध्ये ती निवड नाही. असं शीट ओळखायची खूण सोपी आहे : हप्ते वेगवेगळे व्हेस्ट होत असूनही दर वर्षाचा खर्च सारखा दिसतो.

आता सोडून जाणारी माणसं. नोकरीत टिकण्याची अट भावात धरायची नाही, संख्येत धरायची. भाव काढताना गळतीपोटी काही कमी केलंत आणि संख्येतही कमी केलंत, तर एकच गोष्ट दोनदा वजा होईल. अशी दुहेरी वजावट आम्हाला बऱ्याच शीटमध्ये दिसते. दर ३१ मार्चला प्रत्येक हप्त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा : यातले शेवटी किती ऑप्शन व्हेस्ट होतील असं आज वाटतं? त्या संख्येला गोठलेल्या भावाने गुणायचं, व्हेस्टिंगचा जेवढा काळ उलटला तेवढा भाग घ्यायचा, आणि त्यातून गेल्या मार्चपर्यंत नोंदवलेली रक्कम वजा करायची. उरेल तो या वर्षाचा खर्च. एवढीच रीत आहे, पण ती प्रत्येक हप्त्याच्या ओळीवर वेगळी चालवायची. गळतीचा टक्का वापरत असाल तर तो पहिल्या हप्त्याला एकदा, दुसऱ्याला दोनदा आणि तिसऱ्याला तीनदा लागतो, कारण तिसऱ्या हप्त्याला तीन वर्षांची गळती सोसायची असते.

तुमच्या आकड्यांवर चालवून पाहू. ३१ मार्च २०२५ ला २८ जण राहिले होते. तेव्हा एचआरचा अंदाज पुढेही दर वर्षी दोघं जातील असा होता असं धरतो. तुमचा वेगळा असेल तर तो घ्या. मग पहिला हप्ता २८,००० ऑप्शन गुणिले ९३, म्हणजे २६ लाख ४ हजार. दुसऱ्यासाठी २६ जण टिकतील, २६,००० गुणिले १०३ म्हणजे २६ लाख ७८ हजार, त्याचे निम्मे १३ लाख ३९ हजार. तिसऱ्यासाठी २४ जण, २४,००० गुणिले १११ म्हणजे २६ लाख ६४ हजार, त्याचा तिसरा भाग ८ लाख ८८ हजार. २०२४-२५ चा खर्च ४८ लाख ३१ हजार.

यंदा दोनऐवजी पाच गेले, २३ उरले. पहिल्या हप्त्याला हात लावायचा नाही. ते पाच जण पहिला हप्ता कमावून गेले, काम कंपनीला मिळालं. दुसऱ्या हप्त्यात अंदाज संपला, प्रत्यक्ष आकडा आला : २३,००० गुणिले १०३ म्हणजे २३ लाख ६९ हजार. यातून आधीचे १३ लाख ३९ हजार वजा, म्हणून या वर्षी १० लाख ३० हजार. तिसऱ्यासाठी आणखी दोघं जातील असं धरलं तर २१ जण, २१,००० गुणिले १११ म्हणजे २३ लाख ३१ हजार, त्याचे दोन तृतीयांश १५ लाख ५४ हजार, वजा ८ लाख ८८ हजार, म्हणजे ६ लाख ६६ हजार. २०२५-२६ चा खर्च १६ लाख ९६ हजार. जास्त माणसं गेली म्हणून खर्च कमी झाला, तो असा, आपोआप आणि चालू वर्षातच. गेल्या वर्षीचा अंदाज चुकला म्हणून गेल्या वर्षीचे आकडे यासाठी बदलायचे नाहीत.

पुढच्या मार्चला समजा एकच जण गेला आणि २२ राहिले, तर तिसरा हप्ता २४ लाख ४२ हजारांवर पक्का होईल आणि तिसऱ्या वर्षी ८ लाख ८८ हजार पडतील. तीन वर्षांची बेरीज ७४ लाख १५ हजार येते. ती प्रत्यक्ष व्हेस्ट झालेल्या २८,०००, २३,००० आणि २२,००० ऑप्शनना त्यांच्या त्यांच्या भावाने गुणून येणाऱ्या बेरजेइतकी असलीच पाहिजे. शीट बरोबर आहे की नाही हे पाहायची हीच पक्की कसोटी. एक रुपयाचा फरक आला तर कुठल्यातरी ओळीत मागची वजाबाकी चुकली आहे.

नोंद साधी आहे : कर्मचारी खर्च नावे, शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खातं जमा. हे खातं इतर इक्विटीत बसतं, देण्यांमध्ये नाही, कारण कंपनीला शेवटी रोख रक्कम द्यायची नसून शेअर द्यायचे आहेत. रोख देण्याची स्कीम असती तर सगळंच उलटं झालं असतं, दर वर्षी भावही नव्याने काढावा लागला असता. कुणी ऑप्शन वापरले की खात्यातला त्यांचा भाग हलतो. पहिल्या हप्त्यातले १०,००० वापरले गेले तर बँकेत १५ लाख येतात, आउटस्टँडिंग खात्यातून ९ लाख ३० हजार निघतात. शेअरचं दर्शनी मूल्य १० रुपये असेल तर भांडवलात १ लाख आणि सिक्युरिटीज प्रीमियममध्ये २३ लाख ३० हजार जातात.

यंदा गेलेल्या पाच जणांकडे पहिल्या हप्त्याचे ५,००० ऑप्शन व्हेस्ट झालेले होते. नोकरी सोडल्यावर वापरायला स्कीममध्ये जी मुदत असेल ती उलटली आणि त्यांनी वापरले नाहीत, तर ते लॅप्स होतील. आउटस्टँडिंग खात्यातले त्यांचे ४ लाख ६५ हजार रुपये तुम्ही जनरल रिझर्व्हमध्ये किंवा संचित नफ्यात नेऊ शकता, पण थेट, नफा-तोटा पत्रकातून न फिरवता. व्हेस्टिंगच्या आधी गेलेला कर्मचारी आणि व्हेस्टिंगच्या नंतर न वापरणारा कर्मचारी यांच्यात मानक ठाम रेघ ओढतं. पहिल्याचा खर्च उलटतो, दुसऱ्याचा कधीच नाही. पेरोलच्या यादीत दोघंही "रेझाइन्ड" म्हणूनच दिसतात, म्हणून शीटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे जाण्याची तारीख असू द्या आणि ती हप्त्याच्या तारखेशी ताडून पाहा.

आता गेल्या वर्षीच्या १५ लाखांचं. ४८ लाख ३१ हजार हवे होते, ३३ लाख ३१ हजार कमी पडले. हा अंदाजातला बदल नाही, मानक चुकीचं लावल्यामुळे झालेली चूक आहे. रक्कम तुमच्या नफ्याच्या मानाने ठळक असेल तर इंड एएस ८ प्रमाणे २०२४-२५ चा तुलनेचा रकाना दुरुस्त करून मांडावा लागेल आणि टिपेत ते सांगावं लागेल. सगळी तूट या वर्षात ओतून मोकळं होता येणार नाही. एक खबरदारी घ्या : दुरुस्ती करताना गेल्या मार्चला माहीत असलेलाच गळतीचा अंदाज वापरा. यंदा पाच गेले हे आज माहीत आहे म्हणून मागच्या वर्षात तो आकडा घुसवायचा नाही. एचआरचा तेव्हाचा ईमेल किंवा बजेट शोधून फाइलला लावा, ऑडिटर तोच आधी मागतील. सीएफओ साहेबांना हेही सांगा की या दुरुस्तीने करपूर्व पातळीवर एकूण इक्विटी बदलत नाही. संचित नफा ३३ लाख ३१ हजारांनी घटतो आणि आउटस्टँडिंग खातं तेवढ्यानेच वाढतं. बँकेच्या करारात निव्वळ मालमत्तेची अट असेल तर तिला धक्का लागत नाही, नफ्यावर बेतलेली अट असेल तर मात्र ती आजच तपासा.

शेअर १२० वर आला म्हणून खर्च उलटवता येईल का? नाही. कंपनीने १ एप्रिल २०२४ ला १०३ किंवा १११ रुपयांची वस्तू दिली आणि तिच्या बदल्यात काम घेतलं. शेअर नंतर वर जातो की खाली, ती जोखीम आता कर्मचाऱ्याची. शेअर ५०० वर गेला असता तर तुम्ही जादा खर्च टाकला नसता. त्याच न्यायाने तो पडल्यावर परतही मिळत नाही. एरवी मालमत्तेची किंमत पडली की तिचं मूल्य उतरवायची सवय असते, त्यामुळे हे विचित्र वाटतं, पण इथे ताळेबंदावर मालमत्ता नाहीच. काम वापरून झालेलं आहे.

एक्सरसाइज किंमत खाली आणायचा विचार पुढे आला, आणि अशा वेळी तो येतोच, तर त्यालाही किंमत आहे. समजा १ एप्रिल २०२६ ला १५० ची ११० केलीत. त्या दिवशी तिसऱ्या हप्त्याचं अपेक्षित आयुष्य तीन वर्षं उरतं. व्होलॅटिलिटी आणि व्याजदर तेच धरले तर जुन्या अटींवर ऑप्शनची किंमत सुमारे ३२ रुपये आणि नव्या अटींवर सुमारे ४६ येते. वाढलेले १४ रुपये जुन्या १११ च्या वर चढतात आणि उरलेल्या एका वर्षात पसरतात. २१,००० ऑप्शनवर जवळपास ३ लाख. पहिल्या दोन हप्त्यांतल्या, व्हेस्ट होऊनही न वापरलेल्या ऑप्शनवरची वाढ मात्र त्याच दिवशी एकदम खर्चात जाते, कारण पुढे कमवायचं काही उरलेलं नाही. १११ च्या जागी ४६ घेऊन खर्च कमी करायचा प्रयत्न कुणी सुचवला तर तो इथेच थांबवा. मूळ भाव हा तळ आहे, फेरबदलाने खर्च त्याच्या खाली जात नाही.

रद्द करण्याचा मार्ग तर आणखी महाग पडतो. कंपनीने स्वतःहून ऑप्शन रद्द केले की मानक ते लवकर व्हेस्ट झाल्यासारखं मानतं, आणि उरलेला खर्च त्याच दिवशी एकदम पडतो. तुमच्याकडे फक्त तिसऱ्या हप्त्याचा उरलेला भाग आहे. इथे दोन मतं आहेत : टिकतील असं धरलेले २१ जणच मोजायचे, की त्या दिवशी नोकरीत असलेले सगळे २३. पहिल्या मताने ७ लाख ७७ हजार, दुसऱ्या मताने ९ लाख ९९ हजार. कुठलं मत घेणार ते ऑडिटरशी आधी बोलून धोरण म्हणून लिहून ठेवा, आणि पुढे प्रत्येक वेळी तेच पाळा. मोबदला म्हणून काही रोख दिलीत तर ती इक्विटीतून वजा होते, आणि त्या दिवशीच्या ऑप्शनच्या किमतीपेक्षा जास्त दिली तर जास्तीचा भाग वर आणखी खर्च.

जुने रद्द करून कमी किमतीचे नवे ऑप्शन द्यायचा बेत असेल, तर नवे ऑप्शन जुन्यांच्या बदली आहेत असं संचालक मंडळाच्या ठरावात नवी ग्रँट देण्याच्या दिवशीच स्पष्ट लिहा. तसं लिहिलंत तर मानक त्याला फेरबदल समजतं : जुना खर्च पूर्वीसारखाच पसरत राहतो आणि नव्या-जुन्यातल्या फरकाचीच भर पडते. ते वाक्य ठरावातून राहिलं, तर जुन्यांचा उरलेला खर्च त्या दिवशी एकदम पडेल आणि नव्यांची पूर्ण किंमत पुढच्या वर्षांत वेगळी मोजावी लागेल.